पगार ठरलेला नाही, मग बजेट कशाचं करायचं?

“ताई, मी ॲपवर टॅक्सी चालवतो. एखाद्या महिन्यात 38,000 सुटतात, एखाद्यात 27,000. महिन्याचं बजेट मांडायचं तर कुठला आकडा धरायचा? जास्त कमावलं तरी जुलैत उधारी होतेच.”

कळव्याहून नवराबायको ऑगस्टमध्ये माझ्याकडे आले होते. दादांनी मोबाइलमधला हिशेब उघडला, वहिनींनी पिशवीतून मुलीची जुनी वही काढली. रोख मिळालेले पैसे त्या वहीत होते. दोन्ही जोडून आम्ही सहा महिने मांडले. कंपनीचं कमिशन, सीएनजी आणि टोल वजा जाता फेब्रुवारीत 38,000, मार्चमध्ये 36,500, एप्रिलमध्ये 33,000, मेमध्ये 29,000, जूनमध्ये 31,000 आणि जुलैत 27,500. सरासरी 32,500.

बहुतेक जण इथेच सरासरी धरून घरखर्च मांडतात. पण हे 32,500 घराचे नाहीतच, त्यात गाडीचाही वाटा आहे. गाडीचा हप्ता 11,500. शिवाय विमा, टायर, सर्व्हिसिंग, पासिंग मिळून वर्षाला साधारण 72,000, म्हणजे महिन्याला 6,000. हा दुसरा आकडा दादांनी कधी मांडलाच नव्हता, कारण तो दर महिन्याला कुणी मागत नाही. जूनमध्ये विम्याची तारीख आली, तेव्हा 15,000 ओळखीच्या माणसाकडून शेकडा तीनने घ्यावे लागले. उधारी जुलैत दिसली, पण ती फेब्रुवारीतच सुरू झाली होती. त्या महिन्यात गाडीचा वाटाही घरखर्चात गेला, नवा मोबाइल आला.

गाडीचे 17,500 भागिले महिन्याचे 25 दिवस, म्हणजे रोजचे 700. मी त्यांना दुसरं खातं उघडायला सांगितलं. त्या खात्याला यूपीआय जोडायचं नाही आणि हप्ता तिथूनच कापला जाऊ द्यायचा. धंदा बंद केला की घरी जाण्याआधी 700 तिकडे टाकायचे. पहिल्याच आठवड्यात अडचण आली. एका पावसाळी दिवशी सुटलेच 600, मग त्यातून 700 कुठून काढणार? म्हणून रोजचा हट्ट सोडला. शनिवारी रात्री सहा दिवसांचे 4,200 पुरे झाले पाहिजेत, एवढंच ठरवलं. कमी पडले तर रविवारी अर्धा दिवस गाडी काढायची.

आता घर. वहिनी पोळ्यांच्या कामाचे 6,000 आणतात. भाडं, किराणा, गॅस, वीज, मुलीची शिकवणी आणि गावी आईला पाठवायचे धरून घर 18,000 मध्ये चालतं. ही यादी मी वहिनींकडून घेतली, कारण दादांच्या अंदाजात गॅस आणि शिकवणी नव्हतीच. म्हणजे दादांनी घराला 12,000 द्यायचे. महिना कसाही गेला तरी तेवढेच, आणि एक तारखेला, पगारासारखे.

गाडीचा वाटा काढल्यावर फेब्रुवारीत 20,500 उरले होते, जुलैत फक्त 10,000. एकीकडे 8,500 जास्त, दुसरीकडे 2,000 कमी. चांगल्या महिन्याचं जास्तीचं तिसरीकडे ठेवायचं आणि वाईट महिन्यात तिथून भर घालायची. वहिनींनी त्याला ‘गादी’ नाव दिलं. पण आधी शेकडा तीनचं कर्ज फेडायला सांगितलं, कारण नुसतं व्याजच महिन्याला 450 जात होतं. ते दिवाळीनंतर फिटलं.

गादी 12,000 ची होईपर्यंत मार्च उजाडला. मध्ये गावी जत्रेला जाताना त्यातूनच 4,000 काढले गेले. मला ते चुकलं असं म्हणवेना. जत्रा दरवर्षी येते, ती आम्ही यादीत धरली नव्हती. मग वर्षाचे 4,000 म्हणून गाडीच्या 6,000 शेजारी तिचीही ओळ लिहिली. गादी पूर्ण झाल्यावर मात्र खरा बदल झाला. एप्रिलचं घर मार्चच्या कमाईवर चालू लागलं. या महिन्यात कमवायचं ते पुढच्या महिन्यात खायचं, त्यामुळे आज किती भाडी मिळाली याचा उद्याच्या दुधाशी संबंध उरला नाही.

एक गोष्ट मी त्यांना स्पष्ट सांगितली होती. चांगल्या महिन्यांतही गादी घटत राहिली, तर 12,000 चा पगारच झेपत नाही असं समजायचं. मग गादीत हात घालत बसू नये, भाडं किंवा गाडीचा हप्ता यातलं काहीतरी बदलावं लागतं. सरासरीच घराला पुरत नसेल, तर वही कितीही नीट लिहिली तरी पैसे वाढत नाहीत.

या जूनमध्ये विमा गाडीच्या खात्यातून भरला. जुलैत 26,800 सुटले. एक ऑगस्टला वहिनींनी मला वहीच्या पानाचा फोटो पाठवला: ‘घर 12,000’, आणि खाली बारीक अक्षरात, ‘गादीतून 2,700’.