बत्तीस चिठ्ठ्या आणि एक कविता

मावशी, माझी लेक तिसरीत आहे. तिच्या वर्गाच्या बाईंची दुसऱ्या गावी बदली झाली. ३२ मुलांकडून एक मोठं कार्ड द्यायचं ठरलं आणि काम माझ्या गळ्यात पडलं. मुलांना एकेक वाक्य लिहून आणायला सांगितलं, तर पंचवीस जणांनी ‘तुम्ही खूप छान शिकवता, तुमची आठवण येईल’ एवढंच लिहिलं. काहींच्या चिठ्ठ्या तर सरळ आयांच्या अक्षरात आहेत. एकाने ‘मला तुमचा राग आला आहे’ असं लिहिलंय, एक मुलगा लिहायलाच तयार नाही. शेवटी मीच मुलांच्या वतीने कविता केली. लेकीने ती वाचली आणि म्हणाली, “असं कोण बोलतं?” तेव्हापासून मन खट्टू झालंय. काय करू?

*

अगं, लेकीचं खरं आहे. तुझी कविता वाईट असेल असं नाही, पण ती आईची आहे. ‘पालकांकडून’ असं वर लिही, खाली स्वतःचं नाव घाल आणि वेगळ्या पाकिटात दे. बाईंना ती आवडेलही. कार्डात मात्र नको. मी स्वतः बरीच वर्षं तिसरी-चौथीला शिकवलंय. वर्षभर वह्या तपासणाऱ्या बाईला नाव न बघता अक्षर ओळखता येतं, कोण ‘पाणी’चा ‘ण’ चुकवतो तेही पाठ असतं. ‘ज्ञानाचा दिवा’ आणि ‘अनमोल मार्गदर्शन’ कुठल्या घरातून आलं, हे तिला पहिल्या ओळीला कळतं.

पंचवीस वाक्यं सारखी आली यात मुलांचा दोष नाही. ‘बाईंबद्दल काहीतरी छान लिही’ म्हटलं की मूल छान वाक्य शोधतं, आणि छान वाक्य म्हणून त्याला निबंधातलंच ठाऊक असतं. शिवाय सगळी एकत्र बसली असतील तर पहिल्या बोलक्या मुलाचं वाक्य बाकावरून बाकावर सरकतं. म्हणून एकेकाला बाजूला घे. दोन-तीन मिनिटं पुरतात. कागद त्याच्या हातात देऊ नकोस, तू ऐकून उतरवून घे.

‘तुला काय वाटतं’ हा प्रश्न टाळ. त्याऐवजी विचार, की बाईंची नक्कल करायची झाली तर काय करून दाखवशील? किंवा, नव्या गावातल्या मुलांना बाईंबद्दल आधीच काय सांगून ठेवशील? या दुसऱ्या प्रश्नावर मुलं सुटतात, कारण तिथे ती जाणकार असतात. आणि पहिल्या उत्तरावर थांबू नकोस. समज, एक मुलगी म्हणाली, “बाई छान शिकवतात.” विचार, “काय शिकवताना?” ती म्हणेल, “वजाबाकी.” “वजाबाकीत काय करतात?” आता ती हात वर करून दाखवेल, “दशक उसना घेताना शेजारच्या घरी गेल्यासारखं फळ्यावर टकटक करतात. मीपण वहीवर करते.” झालं. चिठ्ठीत एवढंच यायला हवं: ‘उसना घेताना तुम्ही फळ्यावर टकटक करता. मीपण वहीवर करते.’ तिचे शब्द तिला वाचून दाखव आणि मग तिच्याच हाताने लिहू दे.

लिहिताना कुणी “हे कसं लिहू?” विचारलं तर सांग. नाही विचारलं तर ऱ्हस्व-दीर्घाला हात लावू नकोस. उलटंही करू नकोस हं, गोड दिसावं म्हणून मोठ्यांनी मुद्दाम बोबडं आणि चुकीचं लिहिलेलं लगेच कळतं. मुलं वर्गात ‘बाई’ म्हणत असतील तर कार्डावर एकाएकी ‘आदरणीय गुरुवर्य’ कशाला?

जागेचा हिशेब आधी कर, नाहीतर शेवटची नावं कोपऱ्यात कोंबावी लागतात. ए-४ कागदाचे आठ समान तुकडे कर आणि प्रत्येकाच्या कडा अर्धा-अर्धा सेंटिमीटर कापून घे. तिसरीतल्या अक्षराला एका चिठ्ठीवर नाव सोडून पाचेक ओळी मिळतात, म्हणजे साधारण १५ शब्द. तेवढेच बरे, लांबलं की निबंध सुरू होतो. दोन ए-३ जाड कागद मधोमध दुमडून एकात एक घातले की आठ पानं होतात. एका पानावर आठ चिठ्ठ्या, म्हणजे चार पानांत ३२. उरलेल्या चारांपैकी दोन बाहेरची, आतली दोन मोकळी राहतात. चिकटवायला कांडीचा गोंद घे, पातळ गोंदाने कागद फुगतो. स्केचपेन मागे उमटतं, म्हणून लिहायला पेन्सिल किंवा साधं पेन.

मोकळ्या पानांपैकी एकावर तुझ्या कवितेची जागा भरून निघेल. वर लिही, ‘नव्या गावातल्या मुलांनो’, आणि खाली मुलांनी सांगितलेलंच ओळीत लाव. काहीसं असं:

बाई फळ्याकडे तोंड करून असल्या तरी त्यांना मागचं दिसतं.
त्या रागावल्या की चष्मा काढतात. तेव्हा गप्प बसा.
खडू संपत आला की तो मागा. त्या देतात.
आमच्या वर्गाचं नाव निघालं तर त्यांना थोडा वेळ बोलू द्या.

तुझं काम फक्त ओळींचा क्रम लावण्याचं. तयार झालं की वर्गात मोठ्याने वाच. जिथे पोरं “हो, हो!” ओरडतील त्या ओळी ठेव. ज्या ओळीला सगळी शांत बसून राहतील ती बहुधा तूच घुसडलेली असेल, ती काढ.

आता राग आलेला मुलगा. त्याला “राग का?” एवढंच विचार. ‘तुम्ही नाटक बसवणार म्हणाला होतात’ असं काही निघेल. ते जसंच्या तसं लाव, गोड करू नकोस. माझ्याकडे अशीच एक जुनी चिठ्ठी आहे: ‘तुम्ही सांगितलं नाहीत. मला दुसऱ्यांकडून कळलं.’ बाकी सोनेरी अक्षरांचं कार्ड कुठे गेलं कुणास ठाऊक, ती चिठ्ठी कपाटात आहे.

कात्री दोनच ठिकाणी लाव: दुसऱ्या मुलाची फजिती कुणी लिहिली असेल तिथे, आणि घरातली गुपितं बाहेर आली असतील तिथे. तेही गुपचूप खोडू नकोस. त्या मुलाला “दुसरं सांग” म्हण, त्याच्याकडे असतंच. आणि ‘तुमच्यासारख्या बाई पुन्हा मिळणार नाहीत’ असलं मोठ्यांचं वाक्य नको. काही दिवसांत याच वर्गात नव्या बाई उभ्या राहणार आहेत, आणि मुलांना त्यांच्यासमोर बसायचंय.

जो लिहीत नाही त्याला चिठ्ठी तशीच दे आणि म्हण, बाईंच्या टेबलावरच्या वस्तू काढ. नुसतं नाव लिहिलं तरी चालेल, पण चिठ्ठी हवी. त्या दिवशी गैरहजर कोण होतं हे हजेरीवरून ताडून बघ. महिन्यापूर्वी आलेलं नवं मूल असेल तर त्याला पहिल्या दिवसाबद्दल विचार, तो त्याला सगळ्यांत ताजा आठवत असतो.

चिठ्ठ्या लावताना हजेरीचा क्रम नको, हुशार मुलं आधी असंही नको. वर्गात बसतात तशा लाव. पहिल्या जोडपानावर पुढचे बाक, दुसऱ्यावर मागचे, शेजारी बसणारे शेजारी. म्हणजे कार्ड उघडलं की टेबलामागून दिसतो तसा वर्ग दिसेल. दाराजवळच्या बाकावर कोण बसतं, हे तुला ठाऊक नसणार. ते लेकीला विचार, आणि लावायचं काम तिलाच दे.

– मावशी