पीओच्या मागचं बारीक अक्षर आधी वाचा

"भोसरीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. चाकणच्या एका कंपनीकडे १६ लाख अडकलेत, आठ महिने झाले. ४ लाखांचा माल रिजेक्ट होता म्हणून सगळंच बिल अडवलंय. वकील म्हणतात केस टाका, सीए म्हणतात मिडिएशन करा, आणि पीओवर, म्हणजे परचेस ऑर्डरवर, आर्बिट्रेशनचं कलम आहे. नक्की काय करावं?"

वकिलांना आधी पीओची मागची बाजू दाखवली का? कारण मी दाखवली नव्हती. काही वर्षांपूर्वी अशाच एका बिलासाठी मी थेट शिवाजीनगर कोर्टात दावा लावला. समोरच्यांनी लेखी म्हणणं देण्याआधीच अर्ज टाकला, की करारात लवादाचं, म्हणजे आर्बिट्रेशनचं कलम आहे, प्रकरण तिकडे पाठवा. १९९६ च्या लवाद कायद्याचं कलम ८ तेवढ्यासाठीच आहे. करारातलं कलम खरं आहे एवढं दिसलं की कोर्टाला पाठवावंच लागतं. माझं वर्षभर त्या एका अर्जात गेलं आणि मुद्द्यावर एक शब्दही बोलला गेला नाही. म्हणजे तुमच्यासारख्या केसमध्ये कोर्ट की लवाद ही निवड बरीचशी पीओवर सही करतानाच होऊन गेलेली असते.

आता त्या कलमात दोन गोष्टी बघा. पहिली, लवाद कोण नेमणार. "आमचे एमडी नेमतील तो एकमेव लवाद" असं लिहिलं असेल तर घाबरू नका. ज्याचा निकालात हितसंबंध आहे त्याने एकट्याने लवाद नेमायचा नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. दोघांचं एका नावावर जमलं नाही तर हायकोर्टाकडून नेमून घ्यावा लागतो. दुसरी, सीट, म्हणजे लवादाचं कायदेशीर ठिकाण, कुठलं. तिथे चेन्नई किंवा गुरुग्राम असेल तर तुमच्या १६ लाखांसाठी वकील आणि प्रवास तिकडचा.

खर्चाचा अंदाज देतो. कायद्याच्या चौथ्या परिशिष्टातल्या नमुना दराने ५ लाखांपर्यंत ४५ हजार, वर २० लाखांपर्यंत साडेतीन टक्के. तुमचे वरचे ११ लाख, त्याचे ३८,५००. एकूण ८३,५००, आणि लवाद एकटाच असेल तर आणखी २५ टक्के, म्हणजे लाखाच्या वर. ही नुसती लवादाची फी, साधारण दोघांत वाटून, वकील वेगळा.

तुमचा उद्यम दाखला, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, ऑर्डर घेताना होता का? मायक्रो किंवा स्मॉल, आणि स्वतः माल बनवणारे असाल, नुसते ट्रेडर नसाल, तर मी आधी एमएसएमई फॅसिलिटेशन कौन्सिलकडे, म्हणजे छोट्या उद्योगांच्या थकलेल्या बिलांसाठीच्या सरकारी मंडळाकडे, अर्ज टाकेन. पीओवर लवादाचं कलम असलं तरी तो रस्ता खुला राहतो, हे २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय. सुनावणी पुरवठादार जिथला तिथल्या कौन्सिलपुढे, म्हणजे चेन्नईचा प्रश्नच मिटला. कौन्सिल आधी तडजोड करून बघतं, नाही जमलं तर स्वतः लवाद होतं किंवा एखाद्या संस्थेकडे पाठवतं. उशिरावरचं व्याज रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, दर महिन्याला चक्रवाढ. आणि निकाल तुमच्या बाजूने लागला तर आव्हान देण्याआधी त्यांना रकमेच्या ७५ टक्के भरावे लागतात. कायद्यात ९० दिवस लिहिलेत, पण त्या भरवशावर कामगारांचा पगार ठरवू नका, वेळ लागतो.

सीएंचं मात्र पूर्ण चूक नाही. तुमचा वाद खरं तर ४ लाखांचा आहे, १६ चा नाही. माझ्या दुसऱ्या एका प्रकरणात ११ लाखांपैकी २ लाख ६० हजारांची डेबिट नोट होती, म्हणजे तेवढे त्यांनी बिलातून कापले होते. दोघांच्या विश्वासातले एक निवृत्त क्वालिटी मॅनेजर मध्यस्थ म्हणून बसवले. त्यांनी जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याच्या पावत्या, आणि इन्स्पेक्शन रिपोर्ट तारखेने लावले. माल मार्चमध्ये पास झालेला, डेबिट नोट सप्टेंबरची, त्यांची लाइन बंद झाल्यावरची. पण ४०० पैकी ११० नगांचा बोअर खरंच अंडरसाइज होता, तो आमच्याच जुन्या गेजचा दोष. मी ११० चे पैसे सोडले, बाकी त्यांनी तीन हप्त्यांत दिले. दोन बैठका लागल्या. वकील बरोबर असते तर मी ते ११० नग बहुधा कबूलच केले नसते.

तेव्हा तुम्ही आधी १२ लाख वादाबाहेर काढून मागा, ४ लाखांवर बसा. मिटलं तर हप्त्यांच्या तारखा कागदावर घ्या, एक हप्ता चुकला की सगळी रक्कम व्याजासकट देय असं लिहून घ्या, आणि दोघांच्या व मध्यस्थाच्या सह्या घ्या. समोरचा नुसता वेळ काढतोय हे ओळखायची खूण सोपी आहे: बैठकीला प्रत्येक वेळी नवा माणूस येतो आणि कुणालाच आकडा मान्य करायचा अधिकार नसतो. असं दोनदा झालं की थांबा आणि कौन्सिलचा अर्ज टाका.

उद्यम दाखला उशिरा काढला असेल तर ऑर्डरच्या तारखेशी ताडून वकिलांना विचारा. मग उरतो लवाद, आणि त्यात साधी लीगल नोटीस पुरत नाही. "वाद लवादाकडे सोपवत आहोत" असं स्पष्ट लिहिलेली नोटीस त्यांच्या हातात पडते त्या दिवशी लवाद सुरू झाला असं धरतात, आणि दावा तीन वर्षांच्या मुदतीत आला की नाही, हे त्याच तारखेवरून बघतात. ती पोचपावती फाइलमध्ये सगळ्यात वर लावा.