साठ पानांचा मसालेभात

*"चौघांसाठी ४०० ग्रॅम तांदळाचा, तोंडली घातलेला मसालेभात मला छान जमतो. सोसायटीच्या गणपतीत ६० जणांचं जेवण आहे आणि भात माझ्याकडे आलाय. सोबत पुरी, बटाट्याची भाजी, जिलबी, मठ्ठा. सगळं पंधरा पट घेऊ का? आणि पातेलं केवढं आणू?"*

पंधरा पट काहीच घेऊ नका. पहिल्यांदा मी तेच केलं होतं. खाली खिमट, वर कणीदार भात आणि घासागणिक लवंग, असं ताट वाढावं लागलं.

आधी तांदूळ. घरी मसालेभात हेच जेवण असतं, म्हणून माणशी १०० ग्रॅम लागतो. पंगतीत पुरी आणि जिलबी असताना माणशी ८० ग्रॅम पुरतो, म्हणजे ५ किलो. तोंडली अडीच किलो. तुमच्या कृतीचे हे साडेबारा पट झाले, यापुढचा हिशोब त्यावरच करा. तांदूळ जुना कोलम घ्या. नवा तांदूळ एवढ्या वजनाखाली चिकट होतो.

भांडं एक मोठं आणण्यापेक्षा २० लिटरची, जाड बुडाची, पसरट अशी दोन पातेली भाड्याने आणा आणि प्रत्येकात अडीच किलो शिजवा. उभट डेग नको. शिजलेल्या भाताचा थर वीतभरापेक्षा उंच गेला की खालचा भात वरच्याच्या भाराने दबतो, आणि ढवळायला गेलात की शितं मोडतात. घरच्या शेगडीवर ही पातेली नीट बसत नाहीत, आचही मधल्या भागालाच लागते. पातेल्यांबरोबर मोठ्या बर्नरची शेगडीही सांगून ठेवा.

खरी गडबड पाण्यात होते. घरी दुप्पट पाणी घालतो तेव्हा त्यातलं बरंच वाफ होऊन जातं. मोठ्या पातेल्यात पाण्याच्या मानाने उघडा पृष्ठभाग कमी, त्यामुळे वाफही त्या मानाने कमी जाते. दुप्पट घातलंत तर भात गिजका होणार. तांदूळ अर्धा तास भिजवून पूर्ण निथळा आणि कोरड्या तांदळाच्या मापाने पावणेदोन पट पाणी घ्या. अडीच किलो तांदूळ साधारण ३ लिटरच्या डब्यात मावतो, म्हणजे एका पातेल्याला सव्वापाच लिटर. हे पाणी आधीच उकळून ठेवा. गार पाण्याला उकळी येईपर्यंत भाजीचा लगदा होतो. शिवाय लिटरभर आधण बाजूला ठेवा, लागलं तर शिंपडायला.

मीठ मात्र सरळ पटीत जातं, कारण ते उडून जात नाही. एका पातेल्याला ८० ग्रॅमच्या आसपास लागेल. आधी ७० घाला, वजन करून. चमचे मोजताना बाराव्याला कुणीतरी हाक मारतं आणि आकडा चुकतो.

लवंग, दालचिनी, तिखट यांचं तसं नाही. झाकण घालून बराच वेळ मुरल्यावर ते जास्त उतरतात, म्हणून पटीत जे येईल त्याचा दोन तृतीयांश घ्या. घरी ४ लवंगा घालत असाल तर पटीने ५० होतात, पण ३० ते ३५ पुरे. तेलही तेवढंच कमी करा. पातेल्यामागे पाव लिटर पुरतं, नाहीतर ते तळाशी साचतं. गोडा मसाला पाऊण हिश्शाने घाला आणि उरलेला पाव हिस्सा तुपात किंचित परतून दम देताना वरून सोडा. वास वाढताना येतो तो त्याचाच.

फोडणीचं एक ध्यानात ठेवा. जाड बूड गॅस बंद केल्यावरही तापलेलंच असतं, आणि हळद-तिखट तिथे क्षणात जळतं. म्हणून मोहरी-हिंग झाल्यावर आधी तोंडली घाला, मग मसाले. तोंडलीही दोन हप्त्यांत परता. सगळी एकदम घातली की तेल गार पडतं आणि ती परतली न जाता स्वतःच्याच पाण्यात उकडतात. मग तांदूळ घालून हलका परता, उकळतं पाणी ओता आणि मीठ घालून पाणी चाखा. ते जिभेला थोडं खारट, थोडं झणझणीत लागलं पाहिजे, कारण तांदूळ त्यातलं बरंच ओढून घेतो. मसालेभात दुरुस्त करायची संधी एवढीच. नंतर वरून घातलेलं मीठ भातात नीट मिसळत नाही.

पाणी आटून वर छिद्रं दिसली की मधूनच एक शीत चिमटीत दाबा. आत बारीक कणी लागली की आच बंद करायची, पूर्ण शिजायची वाट बघायची नाही. एवढ्या भाताची स्वतःचीच उष्णता पुढची २०-२५ मिनिटं त्याला शिजवत राहते. पातेल्याखाली तवा, झाकणाखाली ओलं फडकं, वर वजन. कडेचा भात कणीदार राहिला असेल तर तिथे बाजूच्या आधणाचा हबका मारा आणि झाऱ्याने कडेने, तळातून अलगद वर घ्या. मधे पळी फिरवू नका.

पान मांडायच्या पाऊण तास आधी दम लागेल असं बघा. भात उरलाच तर पातेल्यात तसाच रात्रभर ठेवू नका. परातींत पातळ पसरून लगेच गार करा आणि फ्रीजमध्ये घाला, नाहीतर वाटून टाका. आमच्याकडे तरी तो कधी उरला नाही, उरते ती जिलबी.