सेटल झालो की बघू

"ताई, मी 33, नवरा 36. चार महिन्यांनी त्याच्या जॉबसाठी परदेशात शिफ्ट होतोय. मला मूल हवंय, खूप आधीपासून. तो नाही म्हणत नाही पण हो पण म्हणत नाही, 'तिकडे सेटल झालो की बघू' एवढंच. जावं की आधी हे मिटवावं?"

अगं, जा, पण तारीख ठरवल्याशिवाय जाऊ नकोस. तारीख म्हणजे मूल कधी याची नाही गं, त्यावर परत बसून बोलायची. कारण इकडे परदेशात आलं की आधी प्रोबेशन असतं, ते संपतं तोवर व्हिसा रिन्यूअल, मग परमनंट रेसिडेन्सी, मग घराचं लोन, आणि यातलं प्रत्येक कारण खरंच असतं म्हणून त्यावर भांडताही येत नाही. तुझ्या केसमध्ये हिशोब कर, येताना तू साडेतेहतीसची असशील, दोन वर्षं सेटल होण्यात गेली की साडेपस्तीस. पस्तिशीच्या आत असलं तर डॉक्टर साधारण वर्षभर प्रयत्न करून मग तपासण्या सांगतात, पस्तिशीनंतर सहाच महिने थांबतात. म्हणजे काही अडलंय हे कळेपर्यंतच छत्तीस. बत्तिशीपासून शक्यता हळूहळू कमी होत जाते आणि सदतीसनंतर जास्त वेगाने, त्यामुळे अजून उशीर झालेला नाहीये, पण दोन मुलं मनात असतील तर ही दोन वर्षं फुकट जाऊ देण्यासारखी नाहीत.

आता त्याचं. त्याला एकच विचार, की उद्या पैसा, व्हिसा, घर सगळं मार्गी लागलं तर तुला मूल हवंय का? "हो, मग काय प्रश्नच नाही" असं आलं तर त्याची भीती परिस्थितीची आहे, त्यावर उपाय निघतो. पण तरीही तो गप्प बसला तर विषय वेगळा आहे. आमच्याकडे हेच होतं. नवऱ्याचं आणि त्याच्या वडिलांचं कधी जमलं नाही, आपणही तसेच बाप होऊ ही धास्ती, आणि ती पगार वाढून कशी जाणार? तो एकटा काउन्सेलरकडे जायला लागला तेव्हा कुठे बोलायला लागला. मी सोबत असताना तो माझं मन राखणारी उत्तरं द्यायचा, म्हणून एकट्याने जाणं महत्त्वाचं (माझं मत, सगळ्यांना पटेल असं नाही).

एएमएच टेस्टचं बरेच जण सांगतील. ती बीजांचा साठा किती उरलाय त्याचा अंदाज देते, नैसर्गिकपणे दिवस राहतील का हे नाही सांगत, त्यामुळे चांगला आकडा आला म्हणून निवांत होऊ नकोस आणि कमी आला म्हणून रडत बसू नकोस. फ्रीझिंगचा विचार असेल तर एग की एम्ब्रियो हे नीट समजून घे. एग्ज तुझी एकटीची. एम्ब्रियो दोघांचे, आणि बऱ्याच देशांत ते वापरायला शेवटपर्यंत दोघांची संमती लागते. ब्रिटनमध्ये नॅटली इव्हान्सची केस झाली होती, पुढे कॅन्सर होऊ शकेल अशा गाठींमुळे ओव्हरीज काढायच्या होत्या म्हणून आधी एम्ब्रियो ठेवले, नंतर नातं तुटलं, जोडीदाराने संमती काढून घेतली आणि 2007 मध्ये स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयातही ती हरली. ज्याचं अजून ठरत नाहीये त्याच्यासोबत एम्ब्रियो ठेवणं म्हणजे त्याचा निर्णय फक्त पुढे ढकलणं.

बाकी वाट बघण्याचं सांगते. प्रयत्न सुरूच नाहीत तरी पाळी आली की वाईट वाटतं, आणि हे सांगायचं कुणाला, कारण काही गेलेलं नसतं ना. कुणाची गुड न्यूज आली की अभिनंदन टाईप करून फोन उलटा ठेवायचा. हे त्याला सांग. चिडून नको, पण सांग, कारण तू गप्प राहिलीस की त्याला वाटतं सगळं ठीक चाललंय, हिलाही घाई नाहीये. आणि न सांगता गोळ्या बंद करायचा विचार डोक्यात आला तर तिथेच सोड, मूल झाल्यावरही तो विश्वास परत येत नाही.

आणि मुख्य म्हणजे, त्याचं खरं उत्तर "नाही" असेल तर ते तुझी नोकरी सोडायच्या आधी कळायला हवं. डिपेंडंट व्हिसावर काही देशांत काम करता येतं, काही ठिकाणी वेगळी परवानगी लागते, आणि तो व्हिसा बहुतेक वेळा लग्नावरच टिकून असतो. तिथे पोचल्यावर "नाही" ऐकलंस तर कदाचित हातात पगार नसेल, आणि वेगळं व्हायचं म्हटलं तर राहायचा हक्कही जाऊ शकतो. तुम्ही कुठल्या देशात जाताय आणि तुला काम करता येणार आहे का ते लिही, मॅटर्निटी इन्शुरन्सला किती महिन्यांचा वेटिंग पिरियड आहे तेही त्याच्या एचआरला विचारून ठेव.