एकच व्हॅन, दोन कोड आणि दहापट ड्युटी

प्रश्न: माल एकच असताना एचएस कोड बदलला की ड्युटी एवढी कशी बदलते? कोड कोण ठरवतं?

उत्तर: एचएस कोड म्हणजे मालाच्या वर्गवारीचा आंतरराष्ट्रीय क्रमांक. तो आधी आयातदार लिहितो, कस्टम्स तो तपासतं आणि पटलं नाही तर प्रकरण कोर्टात जातं. अमेरिकेतलं फोर्डच्या ट्रान्झिट कनेक्ट व्हॅनचं प्रकरण बघा. तिथे माणसांच्या वाहतुकीसाठी बनवलेली गाडी ८७०३ मध्ये जाते, तेव्हा ड्युटी २.५ टक्के होती. मालवाहू गाडी ८७०४ मध्ये, ड्युटी २५ टक्के होती. म्हणजे २०,००० डॉलरच्या व्हॅनवर एकीकडे ५०० डॉलर, दुसरीकडे ५,०००.

तुर्कस्तानातून येणाऱ्या या व्हॅनला मागे स्वस्तातली सीट बसवलेली असे. बंदरात क्लिअरन्स झाला की ती सीट काढून टाकायचे आणि गाडी मालवाहू म्हणून विकायचे. फोर्डचं म्हणणं, आयातीच्या क्षणी गाडी जशी दिसते तशीच मोजा. हा नियम खराच आहे आणि २०१७ मध्ये खालच्या कोर्टाने तो मानलाही. पण ८७०३ च्या मजकुरातच गाडी कशासाठी 'बनवली' हे विचारलंय, त्यामुळे पुढचा वापरही बघावा लागेल, असं २०१९ मध्ये अपील कोर्टाने ठरवलं. माझ्या मते निकाल योग्य होता. २०२४ मध्ये फोर्डने ३६.५ कोटी डॉलर भरून सरकारशी तडजोड केली.

तुमच्या मालाचा कोड वादातला असेल तर ऑर्डर देण्याआधीच आयातीआधी कोड ठरवून देणाऱ्या मुंबईच्या कस्टम्स अ‍ॅडव्हान्स रुलिंग प्राधिकरणाकडे अर्ज करा.