श्रद्धांजली कुणाला, सांत्वन कुणाचं?

“आमच्या ऑफिसातल्या एका ताईंचे मिस्टर परवा अचानक गेले. वय जेमतेम ४५. ताईंना चार ओळींची चिठ्ठी पाठवायची आहे. मी असं लिहिलंय: ‘आपल्या पतीच्या दुःखद निधनाबद्दल समजले. भावपूर्ण श्रध्दांजली. ईश्वर मृतात्म्यास चिरशांती देवो व कुटुंबियांना दुःख सहन करण्याची शक्ती देवो. हार्दिक संवेदना.’ शब्द बरोबर आहेत ना? ‘सांत्वना’ कुठे घालता येईल? मिस्टरांशी माझी तशी ओळख नव्हती. एकदाच ते फेब्रुवारीत संत्र्यांची पेटी घेऊन ऑफिसात आले होते, तेवढंच.” – नागपूर

तुमच्या मजकुरातला जवळजवळ प्रत्येक शब्द कोशात सापडेल, पण त्यातलं एकही वाक्य ताईंशी बोलत नाही. अडचण तिथेच आहे.

आधी ‘श्रद्धांजली’ घेऊ. अंजली म्हणजे ओंजळ. आपला ‘ओंजळ’ हा शब्द त्यातूनच आला. श्रद्धेनं भरलेली ओंजळ आपण वाहतो ती गेलेल्या माणसाला. म्हणून चौकातल्या फ्लेक्सवर, फोटोखाली, शोकसभेत हा शब्द शोभतो, कारण तिथे तोंड फोटोकडे असतं. तुमची चिठ्ठी मात्र एक जिवंत बाई हातात धरून वाचणार आहे. तिला उद्देशून ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहिणं म्हणजे तिच्या घरी जाऊन तिच्याशी एक शब्द न बोलता फोटोला हार घालून परतणं. पुढेमागे कुठे तो शब्द लिहावा लागलाच, तर जोडाक्षर सांभाळा. ‘द’ आधी, ‘ध’ नंतर: श्रद्धांजली. ‘श्रध्दा’ असं उलटं लिहिलेलं फलकांवर इतकं दिसतं की डोळा फसतो.

हाच चुकलेला रोख पुढच्या वाक्यात जास्त जाणवतो. ‘कुटुंबियांना दुःख सहन करण्याची शक्ती देवो’ हे वाक्य वर्तमानपत्रातल्या शोकसंदेशाचं आहे. तिथे लिहिणारा तिऱ्हाइतांना सांगतो आणि घरचे लोक ‘ते’ असतात. ते जसंच्या तसं उचलून ताईंना पाठवलं की ताई स्वतःबद्दलच तृतीयपुरुषी मजकूर वाचतात. कुटुंबीय म्हणजे त्याच तर आहेत! (शब्द ‘कुटुंबीय’, म्हणून ‘कुटुंबीयांना’, तो ‘ई’ दीर्घच राहतो.) मोबाइलवर आलेले तयार संदेश पुढे ढकलताना हे रोज घडतं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. चिठ्ठी पाठवण्याआधी एक कसोटी लावून पाहा. हेच वाक्य ताईंसमोर बसून, त्यांच्या डोळ्यांत बघून तुम्ही म्हणू शकाल का? ‘ईश्वर मृतात्म्यास चिरशांती देवो’ असं कोणी समोर बसून म्हणत नाही.

या वाक्याबद्दल आणखी एक गोष्ट, आणि नागपुरात ती विसरून चालत नाही. ताईंचं घर कोणत्या परंपरेतलं, ते तुम्ही लिहिलेलं नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी इथेच दीक्षा घेतली आणि दिली. त्यांच्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्धपक्ष करणार नाही, पिंडदान करणार नाही, ही प्रतिज्ञा आहे, आणि बौद्ध विचारात नित्य टिकणारा आत्मा मानत नाहीत. त्या घरात ‘मृतात्म्यास शांती’ हे शब्द परके पडतात. तिथे नावाआधी ‘कैलासवासी’ नसतं, ‘कालकथित’ असतं, आणि पुढचा कार्यक्रम तेरावं नसतो, पुण्यानुमोदन असतो.

ही चूक मी स्वतः केली आहे. बरीच वर्षं झाली. शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या मित्राची बायको आठ दिवसांच्या तापात गेली. मी त्याला लिहिलं, ‘वहिनींच्या आत्म्यास ईश्वर शांती देवो.’ महिन्याभरानं चहा घेताना तो हळूच म्हणाला, “आमच्यात आत्मा मानत नाहीत रे, पण तू लिहिलं ते मी ठेवलं आहे.” तो रागावला नव्हता. पण दीक्षाभूमीच्या शहरात जन्म काढून, रोज ज्याच्यासोबत डबा खाल्ला त्याच्या घरचे शब्द मला माहीत नसावेत, याचं मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून मी अशा चिठ्ठीत देव, आत्मा, सद्गती यांपैकी काही घालत नाही. घरची भाषा पक्की माहीत असेल तर गोष्ट वेगळी. वारकरी घरात ‘पांडुरंगाची इच्छा’ तेच लोक म्हणतील; ते त्यांनी म्हणायचं, आपण सुचवायचं नाही.

आता ‘हार्दिक संवेदना’ आणि ‘सांत्वना’. दोन्ही आपल्याकडे हिंदीतून आले आहेत. नागपुरात घरात मराठी आणि दारात हिंदी, त्यामुळे ही सरमिसळ होते, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण अर्थ बदलतो. मराठीत संवेदना म्हणजे जाणीव. पाय बधिर झाला की आपण म्हणतो, संवेदना गेली. हिंदीत मात्र ‘शोक संवेदना’ म्हणजे दुःखात सोबत असल्याचा निरोप. मराठीत त्यासाठी ‘सहवेदना’ आहे, तुमच्या वेदनेसह माझी वेदना. शब्द चांगला आहे, तरी थोडा ठरावाच्या भाषेतला. शिवाय ‘हार्दिक’ला आपण शुभेच्छा आणि अभिनंदनाच्या इतक्या जवळ बसवलं आहे की शोकात तो कानाला खटकतो.

‘सांत्वना’ हे हिंदीतलं स्त्रीलिंगी रूप. मराठीत रुळलं ते ‘सांत्वन’, नपुंसकलिंगी: सांत्वन केलं. मूळ संस्कृत धातूचा अर्थ गोड, मऊ बोलून शांत करणं. तुम्ही विचारलंत, तो कुठे घालता येईल. माझ्या मते कुठेच नाही, कारण हा शब्द बोलणाऱ्याचा नाहीच. ‘अभिनंदन करतो’ म्हटलं की अभिनंदन होऊन जातं. ‘मी तुमचं सांत्वन करतो’ म्हटल्यानं मात्र सांत्वन होत नाही, उलट बोलणं एकदम दूरचं वाटतं. सांत्वन झालं की नाही हे ज्याचं दुःख आहे त्यानं ठरवायचं.

‘दुःखद निधन’ हेही सोडून द्या. ‘निधन’ हा शब्द बातमीचा आणि रजेच्या अर्जाचा. त्या अर्जात तो ताईंनाच नंतर दहा ठिकाणी लिहावा लागणार आहे. बोलताना लोक ‘ऑफ झाले’ म्हणतात, ते लिहिण्यात नको. या सगळ्यात मराठीतलं सगळ्यात सोपं क्रियापदच सगळ्यात जवळचं आहे: गेले. प्रश्नात तुम्ही स्वतः तेच वापरलं आहे, ‘मिस्टर परवा अचानक गेले’. चिठ्ठीत आल्यावर त्याचं ‘दुःखद निधन’ झालं. तसंच ‘पतीच्या’ आणि ‘आपल्या’चं. रोज तुम्ही ताईंना ‘तुम्ही’ म्हणत असाल तर आजही ‘तुम्ही’च. एरवीची माणसं अचानक ‘आपण, आपल्या’ करू लागली की आपल्या आयुष्यात काहीतरी मोठं उलटलंय हे त्यांच्या सुरातूनही कळतं, आणि ताईंना ते आत्ता सगळीकडून कळतंच आहे. मिस्टरांचं नाव माहीत असेल तर नावानं लिहा, पुढे ‘भाऊ’ लावा. नागपुरात त्याइतकं आपलेपणाचं दुसरं काही नाही.

आणि आता ती पेटी. ‘तेवढंच’ म्हणून तुम्ही जे प्रश्नाच्या शेवटी टाकून दिलं आहे, चिठ्ठी तिथून सुरू होते. फेब्रुवारीतली संत्री म्हणजे मृग बहाराची. ती पेटी उचलून एक माणूस बायकोच्या ऑफिसात आला आणि ते तुम्ही पाहिलं. माणूस असा एकाएकी गेला की घरच्यांसमोर सतत शेवटचा दिवसच येत राहतो: कोणता दवाखाना, किती वाजता, आधी छातीत दुखलं होतं का. भेटायला येणारा प्रत्येक जण तेच विचारतो. अशात कोणी दुसरा एखादा दिवस समोर ठेवला, ज्यात तो माणूस धडधाकट आहे, हातात पेटी आहे, हसतो आहे, तर ते ताईंसाठी नवीन असतं. ऑफिसात तो दिवस कसा गेला हे कदाचित त्यांनाही पूर्ण माहीत नसेल. मात्र जे पाहिलं तेवढंच लिहा. ‘ते फार देवमाणूस होते’ असं लिहू नका. एका भेटीत ते कळत नाही, आणि ताईंना ते माहीत आहे.

एक शेवटचं, क्रियापदांचं. ‘धीर धरा’, ‘स्वतःला सावरा’, ‘मुलांकडे बघा’, ‘काही लागलं तर सांगा’ ही चारही वाक्यं मायेनंच निघतात. पण चारही आज्ञार्थी आहेत, काम ताईंनाच सांगतात. शेवटचं तर सगळ्यात जड, कारण काय लागणार हे शोधून, कुणाला सांगावं हे ठरवून, मग फोन करायचा, तो त्यांनीच. तेच वाक्य प्रथमपुरुषी करा. ‘सांगा’च्या जागी ‘करते’ येऊ द्या, आणि जे खरंच करणार असाल तेवढंच. ऑफिसातल्या माणसाला इथे एक सोय आहे जी नातेवाइकांना नाही: ताईंच्या टेबलावर काय पडून आहे ते तुम्हाला माहीत आहे.

हे सगळं धरून मी असं लिहिलं असतं. नावं आणि कामं मनाची आहेत, ती तुम्ही बदला:

‘माधुरीताई,
अशोकभाऊ गेले हे मंगळवारी कळलं. अजून खरं वाटत नाही.
फेब्रुवारीत ते संत्र्यांची पेटी घेऊन आले होते. पेटी टेबलावर ठेवून निघून न जाता त्यांनी स्वतः प्रत्येकाच्या हातात संत्रं दिलं, शिपाईमामांनाही. मला ते तसेच आठवतात.
तुमच्याकडची महिनाअखेरची बिलं मी करते आहे. त्यासाठी तुम्हाला ऑफिसातून फोन येणार नाही.
रविवारी सकाळी घरी येते.
– रेखा’

प्रत्येकाच्या हातात त्यांनी संत्रं दिलं की नाही, ते मला माहीत नाही; तुम्ही काय पाहिलं ते तिथे येईल. ‘अजून खरं वाटत नाही’ हे वाक्य झिजलेलं आहे, तरी ठेवलं, कारण अचानक गेलेल्या माणसाबद्दल ते खरं असतं आणि कोणीही ते समोर बसून म्हणू शकतं. रविवारी जायचं जमणार नसेल तर ती ओळ काढा. ताई त्या दिवशी दाराकडे बघतील.

पाकिटावरही लक्ष द्या. सवयीनं हात ‘सौ.’ लिहायला जाईल, मग थबकेल आणि ‘श्रीमती’ लिहील. सरकारी कागदात श्रीमती कोणत्याही बाईला लावतात, पण घरोघरी या शब्दाचा अर्थ अजून दुसराच घेतला जातो. जुन्या पत्रांत तिथे ‘गं. भा.’ असायचं. २०२३ साली राज्यात ‘विधवा’ऐवजी ‘गंगा भागीरथी’ म्हणावं असा प्रस्ताव पुढे आला तेव्हा बायकांनी त्याला विरोध केला, तो नवऱ्याच्या जाण्याचा शिक्का नावावर बसू नये म्हणूनच. ताईंच्या नावामागे तो बदल पहिल्यांदा तुमच्या अक्षरात उमटायला नको. पाकिटावर नुसतं ‘माधुरीताई’ लिहा.