बिलिंग म्हणजे कसलं बिल?

"पोस्टरवरच्या नावांना बिलिंग का म्हणतात? मराठीत श्रेयनामावली म्हटलं तर चालेल का? आणि डावीकडून पहिलं नाव म्हणजे डावीकडचा पहिला चेहरा, असंच धरायचं ना?"

हे बिल पैशाचं नाही, जाहिरातीच्या कागदाचं. हँडबिल आपण अजून म्हणतोच की, आणि मुंबईत भिंतींवर रंगवलेलं असतं ना 'स्टिक नो बिल्स', तेच हे बिल. त्या कागदावर कुणाचं नाव आधी, कुणाचं मोठं, हे ठरवणं म्हणजे बिलिंग. श्रेयनामावलीत स्पॉटबॉयपर्यंत सगळे येतात, म्हणून तो शब्द इथे सैल पडतो, मी आपला 'नामक्रम' म्हणतो.

डावीकडून मोजायचं मात्र डोक्यातून काढा. नामक्रम करारात ठरतो, चित्र चित्रकार काढतो, आणि दोघांची गाठ पडेलच असं नाही. १९७७च्या 'स्टार वॉर्स'चं टॉम जंगने काढलेलं पोस्टर घ्या. खाली नावं पाच: मार्क हॅमिल, हॅरिसन फोर्ड, कॅरी फिशर, पीटर कुशिंग 'अँड' अ‍ॅलेक गिनेस. चित्रात चेहरा दिसणारी माणसं दोनच, तलवार उंचावलेला ल्यूक आणि त्याच्याजवळ लेया, म्हणजे पहिलं नाव आणि तिसरं. फोर्डचं नाव दुसरं म्हणून दुसरी आकृती त्याची समजलात तर लेयाच्या जागी हान सोलो बसवाल! मागे आभाळभर पसरलेला तो काळा मुखवटा डार्थ व्हेडरचा, पण त्या पाचात त्याचं नावच नाही, कारण सूटच्या आत डेव्हिड प्राउज आणि आवाज जेम्स अर्ल जोन्सचा, ज्याचं नाव तेव्हा सिनेमाच्या टायटल्समध्येही नव्हतं. आणि गिनेसच्या आधीचा 'अँड' म्हणजे उरलासुरला शेवटचा असं समजू नका, यादीतलं शेपूट मानाचं असतं, आपल्याकडे 'आणि' लिहून ज्येष्ठ नट शेवटी घेतात तसंच.

भूमिकेचं नाव बहुतेक वेळा नसतंच, असलं तर याच शेवटच्या नावापुढे 'अ‍ॅज' अमुक असं. म्हणून आधी पात्र ओळखायचं, वेश, हातातली वस्तू यांवरून, मग सिनेमाच्या श्रेयनामावलीत पात्रापुढचा नट बघायचा आणि मग पोस्टरकडे परत यायचं. उलट गेलात की चुकलात.

अपवाद आहे, १९७४चं 'द टॉवरिंग इन्फर्नो'. तिथे खाली चौकटींची रांग, प्रत्येकीत चेहरा, नाव आणि काम, मॅक्क्वीन फायर चीफ, न्यूमन आर्किटेक्ट वगैरे, काही शोधायलाच नको. गंमत वरच्या नावांत: मॅक्क्वीन डावीकडे पण खाली, न्यूमन उजवीकडे पण वर. डावीकडून वाचलं तर हा पहिला, वरून वाचलं तर तो!